8085 चं क्लॉक मंद करता येत नाही म्हणजे नेमकं काय होतं: प्रकल्प नोंदी

6 जुलै, रविवार

जुन्या बाजारातून 8085 चा ट्रेनर किट आणला, तोच डिप्लोमाच्या लॅबमध्ये असायचा तसला, हेक्स कीपॅड आणि लाल सेव्हन सेगमेंटवाला. चालू आहे हे नशीब. माझा प्लॅन साधा होता, क्रिस्टल काढायचा आणि एक पुश बटन लावायचं, एकदा दाबलं की एक क्लॉक, आणि ॲड्रेस बसवर एलईडी लावून बघत बसायचं की आत काय चाललंय.

डेटाशीट उघडलं आणि प्लॅन तिथेच बसला. क्लॉकचा पिरियड कमीत कमी 320 नॅनोसेकंद, ठीक आहे, पण जास्तीत जास्त 2000 नॅनोसेकंद. म्हणजे 500 किलोहर्ट्झच्या खाली जायचंच नाही, आणि आत भागिले दोन असल्यामुळे क्रिस्टल 1 मेगाहर्ट्झच्या खाली नको. वेगाला वरची मर्यादा असते हे कळतं, गेटला वेळ लागतो. पण खालची मर्यादा? हळू चालायला काय त्रास आहे?

उत्तर ऐकून माहीत होतं, "डायनॅमिक लॉजिक, चार्ज गळतो". परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलंय मी हे. पण किती गळतो, कुठून गळतो, हे कधी बघितलं नव्हतं. म्हटलं किट राहू दे बाजूला, आधी एक डायनॅमिक गेट हाताने बांधू.

9 जुलै, बुधवार

ऑफिसमधून येताना पासोड्या विठोबाच्या गल्लीत उतरलो, 4007 चे चार नग घेतले. ही चिप या कामाला अगदी मापात शिवल्यासारखी आहे. आत तीन पी-मॉस आणि तीन एन-मॉस सुटे, एकेका जोडीचे गेट एकत्र बांधलेले, बाकी टोकं बऱ्यापैकी बाहेर.

सर्किट असं. पहिल्या जोडीच्या गेटवर, म्हणजे पिन 6 वर, क्लॉक. तिचा पी-मॉस वर सप्लायला आणि एन-मॉस खाली ग्राउंडला, पण दोघांचे ड्रेन एकमेकांना न जोडता मध्ये आणखी दोन एन-मॉस एकाखाली एक घातले, एकाच्या गेटवर इनपुट ए, दुसऱ्याच्या गेटवर बी. पी-मॉसचा ड्रेन, पिन 13, आणि ए वाल्या एन-मॉसचा ड्रेन, पिन 5, हे जोडलं की तो झाला आपला आउटपुट नोड, त्याला मी एक्स म्हणतो. झाला डायनॅमिक नँड.

चालतं कसं तर क्लॉक खाली असताना वरचा पी-मॉस चालू, तळातला एन-मॉस बंद, एक्स भरून 5 व्होल्टला जातो, हा प्रीचार्ज. क्लॉक वर गेलं की वरचा बंद, तळातला चालू, हा इव्हॅल्युएट. ए आणि बी दोन्ही 1 असतील तर खालपर्यंत वाट मोकळी, एक्स रिकामा, उत्तर 0. नसतील तर एक्स भरलेलाच राहतो, उत्तर 1.

आता या "राहतो" मध्येच सगळी गोम आहे. उत्तर 0 असतं तेव्हा एक्सला ग्राउंडने धरलेलं असतं, वाट चालूच आहे, कितीही वेळ थांबा. पण उत्तर 1 असतं तेव्हा त्याला कुणीच धरलेलं नसतं, वरचा पी-मॉस बंद, खालची वाट बंद, एक्स अधांतरी. भरलेल्या हंड्यासारखा, नळ बंद करून टाकलाय आणि आता आतलं पाणी आहे तेवढंच. आणि एकदा तो खाली आला की त्याच इव्हॅल्युएटमध्ये परत वर यायचा मार्गच नाही, पुढच्या प्रीचार्जची वाट बघायची.

12 जुलै, शनिवार

दिवसभर पाऊस. शेजारच्या काकांचा जुना ॲनालॉग स्कोप आणला, ते इन्स्ट्रुमेंट रिपेअरिंगमधून रिटायर झालेत, स्कोपबरोबर स्वतःही आले.

क्लॉक आर्डुइनोवरून 500 हर्ट्झ, ए आणि बी दोन्ही 0, म्हणजे एक्स पूर्ण वेळ 5 व्होल्टवर दिसायला हवा. तर स्क्रीनवर प्रत्येक इव्हॅल्युएटमध्ये मस्त घसरगुंडी, 5 पासून सुरू, 0.3 मिलिसेकंदात निम्म्यावर, मिलिसेकंद संपेपर्यंत जवळपास तळाला. मी खूश! म्हटलं बघा काका, चार्ज गळताना दिसतोय डोळ्यांनी.

काका चहा पीत बघत होते, म्हणाले, "प्रोब कुठे लावलायस?"

"एक्सवरच काका, अजून कुठे लावणार?"

"अरे, दूध किती उरलंय बघायला तू पातेल्यालाच भोक पाडलंस. टेन एक्स प्रोब म्हणजे दहा मेगओहम, तो काय कमी आहे का?"

गणित केलं. माझ्या नोडची कपॅसिटन्स ब्रेडबोर्डसकट 30 पिकोफॅरडच्या आसपास असेल, प्रोबची 15 धरा, एकूण 45. गुणिले दहा मेगओहम म्हणजे 450 मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, आणि निम्म्यावर यायला त्याच्या 0.7 पट, 0.3 मिलिसेकंद. अगदी तंतोतंत. म्हणजे मी मघापासून गेट मोजतच नव्हतो, काकांचा प्रोब मोजत होतो.

13 जुलै, रविवार

प्रोब काढला. आता एक्सला फक्त दुसऱ्या 4007 मधला इन्व्हर्टर लावला, म्हणजे भार फक्त मॉसच्या गेटचा. खऱ्या चिपमध्येही डायनॅमिक गेटच्या पुढे असाच इन्व्हर्टर बसवतात, त्याला डॉमिनो म्हणतात, त्यामुळे हे काही फसवणं नाही. पॉट फिरवून बघितलं, माझा इन्व्हर्टर 2.4 व्होल्टला पलटतो. त्याचं आउटपुट आर्डुइनोला आणि एवढाच कोड:

```
digitalWrite(CLK, LOW);
delay(1);
digitalWrite(CLK, HIGH);
unsigned long t0 = micros();
while (digitalRead(OUT) == LOW) {}
Serial.println(micros() - t0);
```

म्हणजे क्लॉक वर नेऊन ठेवायचं आणि एक्स 5 वरून 2.4 ला यायला किती वेळ लागतो ते छापायचं.

आलं 140 मिलिसेकंद. कालच्यापेक्षा साडेचारशे पट जास्त, छान. मग दुपारी ऊन पडलं, परत लावलं तर 600. रात्री परत पाऊस आणि परत 200 च्या आत. हे सिलिकॉन असं हवेवर नाचत नाही, हे नक्की दुसरंच काहीतरी.

16 जुलै, बुधवार

ब्रेडबोर्डच. दुसऱ्या चिपचा इन्व्हर्टर मी पिन 6 वाला घेतला होता आणि त्याच्या शेजारची पिन 7 म्हणजे ग्राउंड. दोन पट्ट्यांमध्ये अडीच मिलिमीटर जुनं प्लॅस्टिक, त्यावर वर्षानुवर्षांचा हाताचा घाम, आणि पुण्याची जुलैमधली हवा. काही गिगाओहमचा रस्ता तयार व्हायला एवढं पुरतं.

गंमत पुढे आहे. चिप ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या, जरा कमी वापरलेल्या टोकाला हलवली तर एक्स पडेचना! पाच मिनिटं थांबलो, 1 तो 1. क्षणभर वाटलं जिंकलो. मग उलटं करून बघितलं, ए आणि बी 1 करून एक्स रिकामा केला आणि क्लॉक वरच ठेवून ए 0 केलं, म्हणजे एक्स आता अधांतरी पण रिकामा. तर तो दोन सेकंदात आपोआप 1 झाला. कारण एक्सची पिन 13 सप्लायच्या पिन 14 च्या शेजारी आहे आणि पिन 5 क्लॉकच्या पिन 6 शेजारी, जे इव्हॅल्युएटमध्ये 5 व्होल्टला असतं. इथे गळती वरून आत होती.

हे मला आधी डोक्यात नव्हतं, की अधांतरी नोड "पडतो" असं नसतं, तो जिकडे गळती जास्त तिकडे जातो. नुसती एका बाजूने टेस्ट घेतली असती तर हेच "चांगलं" समजून पुढे गेलो असतो.

20 जुलै, रविवार

ब्रेडबोर्ड बाद. दोन्ही चिप्स उलट्या करून एका कॉपर बोर्डावर चिकटवल्या, पाय वर, मेलेल्या झुरळासारख्या, आणि एक्सच्या तीन पिना हवेतच एका छोट्या वायरने सोल्डर केल्या, कशालाही न टेकता.

पहिलं रीडिंग 3 सेकंद. चांगलं पण अजून शंका होती, म्हणून सोल्डरचा फ्लक्स आयसोप्रोपिलने घासून धुतला, तासभर वाळू दिला. मग आलं 20 सेकंद. परत लावलं, 20. रात्री पाऊस असताना, 19 आणि थोडं. हवेची कटकट संपली.

आता करंट काढायचा तर कपॅसिटन्स माहीत पाहिजे आणि एवढी छोटी कपॅसिटन्स माझ्या मीटरवर दिसत नाही. मग काकांच्या प्रोबनेच शिकवलेली युक्ती उलटी वापरली, माहीत असलेलं भोक मुद्दाम पाडायचं. 10 मेगओहमचा रेझिस्टर एक्सपासून ग्राउंडला लावला, तोच कोड, आलं 104 मायक्रोसेकंद. 5 वरून 2.4 ला यायला टाइम कॉन्स्टंटच्या 0.734 पट वेळ लागतो, म्हणजे C निघाली 14 पिकोफॅरड. रेझिस्टर काढला, परत धुतलं, परत 20 सेकंद.

आता सरळ:

I = C × ΔV / t = 14 pF × 2.6 V / 20 s ≈ 1.8 pA

दोन पिकोअँपियर सुद्धा नाही. आणि प्रोबमधून सुरुवातीला 5 व्होल्टला अर्धा मायक्रोअँपियर जात होता, म्हणजे अडीच लाख पटींहून जास्त. ही उरलेली गळती मात्र खरी चिपमधली, बंद ट्रान्झिस्टरमधून सुटणारा थोडा करंट, ड्रेनचे उलटे बायस झालेले जंक्शन, इन्व्हर्टरच्या इनपुटवरचे प्रोटेक्शन डायोड, सगळ्यांची मिळून. दुसरी एक 4007 लावली तर 31 सेकंद आले, म्हणजे चिपगणिक फरक आहेच.

23 जुलै, बुधवार

सिलिकॉनच गळतंय याची खात्री कशी करायची? गरम करून. जंक्शनची गळती ढोबळमानाने दर 10 अंशाला दुप्पट होते. खोलीत 27 होतं. हेअर ड्रायर लांबून लावला, मीटरचा थर्मोकपल चिपच्या पोटाला, 57 वर स्थिर होऊ दिलं. तीन वेळा दुप्पट म्हणजे आठ पट, 20 सेकंदांचे अडीच व्हायला हवेत. आलं 2.8 सेकंद. मला एवढं पुरतं.

ब्रेडबोर्डवर हाच हेअर ड्रायर लावला होता गेल्या आठवड्यात, तेव्हा वेळ उलट वाढला होता, कारण तिथे ओल वाळत होती. म्हणजे तापवल्यावर वेळ वाढला तर घाण, कमी झाला तर चिप. ही टेस्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता इथून 8085 कडे. माझ्याकडे 14 पिकोफॅरड आहेत म्हणून 20 सेकंदांची चैन आहे. चिपच्या आतला एखादा नोड समजा 10 फेम्टोफॅरडचा, माझ्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि तो 1 व्होल्ट पडेपर्यंत चालेल असं धरू. गळती खोलीच्या तापमानाला 1 पिकोअँपियर धरली तरी 10 मिलिसेकंद. चिप आतून 90 अंशाला गेली तर साधारण शंभर पट कमी, म्हणजे 0.1 मिलिसेकंद. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, 8085 चे नाहीत. पण यावरून कळतं की डेटाशीटमधले 2 मायक्रोसेकंद हे "एवढ्या वेळात चार्ज संपतो" असं नाहीच, ते सगळ्यात गरम, सगळ्यात गळक्या नगासाठी आणि वर भरपूर मोकळी जागा सोडून दिलेलं वचन आहे. तुमच्या टेबलावरची चिप त्याहून बऱ्याच मंद क्लॉकवर चालेलही कदाचित, आणि मे महिन्यात दुपारी अचानक वेडी होईल. असला फॉल्ट शोधण्यापेक्षा दुसरं काहीही करीन मी.

डीरॅमचं हेच दुखणं, तिथे 64 मिलिसेकंदांत सगळं परत भरायचं आणि 85 अंशाच्या वर गेलं तर 32 मध्ये.

26 जुलै, शनिवार

काकांनी परत अडवलं. मी म्हणत होतो "फ्रीक्वेन्सी कमी केली की चार्ज जातो", तर म्हणाले, "फ्रीक्वेन्सीचा काय संबंध? तो चार्ज बंद दारामागे किती वेळ उभा आहे ते सांग."

बरोबरच आहे. करून बघितलं, ड्रायर चालू ठेवून, 57 अंशाला. क्लॉक 10 सेकंद खाली, मग फक्त 100 मायक्रोसेकंद वर, आणि त्या शंभरमध्येच आउटपुट वाचलं. फ्रीक्वेन्सी जेमतेम 0.1 हर्ट्झ आणि एकही चूक नाही, अर्धा तास चालवलं. कारण क्लॉक खाली असताना पी-मॉस एक्सला धरून आहे, तिथे कितीही थांबा. उलट फ्रीक्वेन्सी तीच, पण वर 5 सेकंद आणि खाली 5 सेकंद केलं की प्रत्येक वेळी चुकीचं उत्तर. मारतं ते इव्हॅल्युएट लांबणं.

मग लगेच मनात आलं की 8085 चं क्लॉकही "सुरक्षित" बाजूला थांबवू. नाही जमत, कारण तिथे एक गेट नाही, एकामागे एक टप्पे आहेत, दोन फेजवर चालणारे, एका फेजमध्ये हे नोड भरले जात असतात तेव्हा आधीच्या फेजचं उत्तर दुसरे कुठले तरी नोड अधांतरी धरून असतात. कुठेही थांबवा, कोणीतरी लटकलेलं असतंच. माझ्याकडे एकच गेट होतं म्हणून ही पळवाट होती.

27 जुलै, रविवार

कीपर लावला. कल्पना अशी की एक्स 1 आहे तोवर इन्व्हर्टरचं आउटपुट 0 असतं, त्या 0 ने एक पी-मॉस चालू ठेवायचा आणि त्याने सप्लायमधून एक्सला थेंब थेंब भरत राहायचं. दुसऱ्या 4007 मधला पी-मॉस मोकळा होता, तोच घेतला.

पहिल्यांदा सरळ जोडला आणि गेट मेलं. ए, बी दोन्ही 1 दिले तरी उत्तर 0 यायला तयार नाही. उघड आहे, कीपरचा पी-मॉस एकटा पूर्ण ताकदीचा आणि त्याच्याशी झगडणारे तीन एन-मॉस एकाखाली एक, म्हणजे एक तृतीयांश ताकद. एक्स मध्येच कुठेतरी अडकला, 2.4 च्या खाली आलाच नाही, म्हणून कीपरही सुटला नाही. चिपमध्ये कीपरचा ट्रान्झिस्टर मुद्दाम मरतुकडा काढतात, लांब आणि अरुंद. माझ्याकडे सगळे एकाच मापाचे, म्हणून त्याच्या ड्रेनला 100 किलोओहम लावून त्याला अशक्त केला. आता खेचायला 50 मायक्रोअँपियर आणि ते सुद्धा पलटेपर्यंतच, आणि भरून काढायची गळती तर 2 पिकोअँपियर, काही प्रश्नच नाही.

क्लॉक वर ठेवून झोपलो. सकाळी उठून बघितलं, 1 आहे तसा. ड्रायर, तेच. मग मुद्दाम प्रोब लावला, दहा मेगओहमचा, एक्स 4.95 वर, हलला नाही. काकांना फोटो पाठवला.

एक वाईट सवय मात्र दिसली होती कीपरच्या आधी, ती लिहून ठेवतो. एक्स हळूहळू पडत असताना 2.4 च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो आणि तेवढा वेळ इन्व्हर्टरचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात, सप्लायचा करंट मायक्रोअँपियरवरून थेट मिलिअँपियरच्या घरात जाऊन परत येतो. म्हणजे क्लॉक थांबल्यावर नुसतं उत्तर जात नाही, चिप उगाच करंटही खाते. चुकून क्लॉक थांबलेल्या बोर्डावर करंट वाढलेला दिसला तर हे एक कारण तपासावं.

2 ऑगस्ट, शनिवार

किटकडे परत. क्लॉकला हातच लावला नाही, क्रिस्टल जागेवर. 8085 ला रेडी पिन आहे, ती खाली धरली की प्रोसेसर दुसऱ्या क्लॉकनंतर वेट स्टेट्स घालत थांबतो, ॲड्रेस आणि कंट्रोल लाइन्स तशाच धरून, पण आतलं क्लॉक धावतच असतं त्यामुळे आतलं सगळं वेळच्या वेळी भरलं जातं. मला हवं होतं ते नेमकं हेच.

74 नंबरचा ड्युअल फ्लिप-फ्लॉप घेतला. एएलई सिग्नल प्रत्येक मशीन सायकलच्या सुरुवातीला येतो, तो उलटा करून पहिल्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअरला, म्हणजे दर सायकलला रेडी खाली. बटन दाबलं की तो सेट. दुसरा फ्लिप-फ्लॉप प्रोसेसरच्या क्लॉक आउटवर, बटनाची वेळ क्लॉकशी जुळवायला, आणि त्याचं आउटपुट रेडीला. बटनाला डिबाउन्स लावला नव्हता म्हणून पहिल्यांदा एका दाबात तीन-चार सायकली पळाल्या, दोन नँड गेटचं लॅच टाकल्यावर एकेक यायला लागल्या.

आता प्रत्येक दाबाला एक मशीन सायकल, एलईडीवर 0000, 0001, 0002, मॉनिटर रॉम वाचताना दिसतोय. एकेक क्लॉक दिसत नाही, सायकल दिसते, आणि खरं तर तेवढंच बघायचं होतं. 0005 वर ठेवून जेवायला गेलो, पाऊण तासाने आलो, 0005 वरच थांबलेला, पुढचं बटन, 0006.